शेवटचा भाव कुठे लिहायचा?

दिंडोशीत आमच्या इमारतीखाली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. माल अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून येतो. मालाचा तक्ता त्याने संगणकावर केला होता. एका ओळीत वस्तू, शिल्लक, व्यापाऱ्याचं नाव-फोन आणि शेवटचा खरेदीभाव. नवा माल आला की जुना भाव पुसून नवा लिहायचा.

इथेच गोम आहे. व्यापारी म्हणाला, "दोनशे पानी डझनाला २४ रुपये वाढली," तर मागचा भाव दाखवायला हातात काहीच नाही. शिवाय तीच वही दोघांकडून येते, मग भाव कुणाचा? आणि तारखेशिवाय भाव फसवा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. त्याआधीचा करासकट भाव आजच्या भावाशेजारी ठेवून काय कळणार?

म्हणून आम्ही तक्त्याची तीन पानं केली. 'वस्तू' पानावर वस्तूचा क्रमांक, नाव आणि मागणीची पातळी. 'व्यापारी' पानावर नाव, फोन आणि माल पोचवायला लागणारे दिवस. 'खरेदी' पानावर प्रत्येक बिलाची नवी ओळ: तारीख, वस्तू क्रमांक, व्यापारी, नग, एका नगाचा भाव. या पानावर पुसायचं काहीच नाही. शेवटचा भाव हाताने लिहायचाच नाही, तो 'वस्तू' पानावर आपोआप उमटतो:

```
=XLOOKUP(A2,'खरेदी'!B:B,'खरेदी'!E:E,"",0,-1)
```

शेवटचा -१ म्हणजे खालून वर शोध. मात्र जुनं बिल उशिरा सापडून तळाशी लिहिलं, तर तोच भाव शेवटचा ठरतो. म्हणून अशा वेळी 'खरेदी' पान तारखेप्रमाणे लावून घ्यायचं. आणखी एक पथ्य: बिल डझनाचं असतं, विक्री नगाची. डझन ३७२ रुपयांना, पाच डझनांना टेम्पोभाडं ६०, म्हणजे डझनामागे १२. एकूण ३८४, भागिले बारा, वही ३२ रुपयांना पडली. दुसरा व्यापारी दुकानपोच ३८४ सांगतो. तो महाग वाटतो, पण हिशेब सारखाच!

मागणीची पातळी म्हणजे शिल्लक किती उरली की फोन करायचा तो आकडा. रोज ६ वह्या खपतात, माल यायला ४ दिवस लागतात, म्हणजे २४. वर दोन दिवसांचे राखीव १२. पातळी ३६. पण जूनमध्ये शाळा उघडल्या की तोच खप रोज ४० वर जातो. १६० अधिक ८०, पातळी २४०! ३६ वर थांबलं तर एका दिवसात फळी रिकामी आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. म्हणून पातळीचे रकाने दोन ठेवले, एक जूनचा, एक एरवीचा. जूनचा रकाना मेअखेरीसच पाहायचा.

यंदा भाववाढीचा फोन आला तेव्हा त्याने मागची तीन बिलं तारखांसह वाचून दाखवली. वाढ २४ वरून १२ वर आली. "बाई, पुसलं नाही म्हणून वाचलं," तो म्हणाला.