रंग गौरीवर, मुदत चांदीची

आज पिकाचं काही नाही. गोठ्यातल्या नोंदवहीचं लिहितोय. तीही कागदाची नाही, मोबाईलमधल्या शीटची. एका चुकीच्या ओळीपायी माझ्या चांदी गाईचे दोन माज वाया गेले. ती चूक काय होती ते नीट सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण आता नोंदी शीटमध्येच ठेवतात.

आमच्याकडे सात एचएफ गाई आहेत. आधी नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायच्या. दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं गूगल शीट करून दिली. एक काम म्हणजे एक ओळ. रकाने असे: A गाय, B काम, C रेतनाची तारीख, D कामाची मुदत, E काम झाल्याची तारीख, F कुणी करायचं, G स्थिती, H शेरा. स्थितीचा रकाना आपण भरायचा नाही, तो शीटच भरते. त्यासाठी G2 मध्ये हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढलंय:

```
=IF(A2="","",IF(E2<>"","झालं",IF(D2<TODAY(),"थकीत","बाकी")))
```

अर्थ सोपा आहे. गाईचं नाव नसेल तर रकाना मोकळा. काम झाल्याची तारीख पडली असेल तर "झालं". ती पडली नाही आणि मुदत आजच्या आधीची असेल तर "थकीत". नाहीतर "बाकी". थकीत हा शब्द सोसायटीच्या कर्जामुळं घरात सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून तोच घेतला. मुदत लिहायचीच राहिली तरीही शीट थकीत दाखवते, कारण मोकळ्या चौकटीला ती शून्य धरते. ते मी तसंच राहू दिलं. विसरलेली मुदत ओरडून सांगितलेली बरी.

सुरुवातीला फक्त G मधली ती एक चौकट लाल व्हायची. लॅपटॉपवर छान दिसायचं. पण गोठ्यात लॅपटॉप कोण नेतो? मोबाईलवर उभ्या पडद्यात A, B, C एवढंच दिसतं. G बघायला बोटानं सरकवलं की गाईचं नाव पडद्याबाहेर जातं. लाल चौकट दिसली तरी कुणाची ते कळायला पुन्हा मागं यायचं, आणि तोवर ओळ चुकते. म्हणून पुतण्याला म्हटलं, बाबा, अख्खी ओळच रंगव. नाव दिसलं की रंग दिसलाच पाहिजे.

त्यानं पाच मिनिटांत करून दिलं. मीही खूश झालो. हे 2024 च्या एप्रिलमधलं.

आता चूक ऐका. गौरीची ओळ पाचवी, चांदीची सहावी. गौरीला 10 फेब्रुवारीला रेतन केलेलं, 60 दिवसांनी गर्भतपासणी म्हणजे मुदत 10 एप्रिल. डॉक्टरांनी 12 एप्रिलला तपासली, गाभण निघाली, तारीख टाकली, काम संपलं. चांदीला रेतन 4 मार्चला, म्हणून तपासणीची मुदत 3 मे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शीट उघडली तर गौरीची ओळ लाल. चांदीची पांढरी. मी डॉक्टरांना बोलावलं आणि गौरी पुढं केली. त्यांनी हात घातला आणि म्हणाले, "अहो दादा, ही तर मागच्या महिन्यातच गाभण सांगितली की तुम्हाला." मी ओशाळलो, शीटला दोष दिला आणि विषय सोडून दिला. चांदीकडं बघितलंच नाही, कारण ती पांढरी होती.

17 जूनला चांदी भर दुपारी माजावर आली. गाभण नव्हतीच ती. उन्हाळ्यात तिचा माज मुका गेला होता, ना ओरडली, ना दुसरीवर उडी. 17 जूनपासून 21-21 दिवस मागं मोजा: 27 मे, 6 मे, 15 एप्रिल, 25 मार्च आणि 4 मार्च. चक्र दोन-तीन दिवस मागंपुढं होतं, पण इथं हिशोब बरोबर बसतो. 3 मेच्या सुमारास तपासली असती तर रिकामी आहे हे तेव्हाच कळलं असतं आणि पुढच्या माजावर आम्ही डोळ्यात तेल घालून बसलो असतो. 6 मे आणि 27 मे असे दोन माज हातचे गेले. म्हणजे 42 दिवस वेत लांबलं. तेवढे दिवस खुराक सुरूच, आणि पुढचं दूध तेवढंच उशिरा.

त्या रात्री पुतण्याला घेऊन बसलो. सूत्र असं होतं:

```
=$G2="थकीत"
```

सूत्र बरोबर होतं. चूक दुसरीकडं होती. अख्खी ओळ रंगवायची म्हणून त्यानं A पासून H पर्यंतचे रकाने वरच्या अक्षरांवर टिचकी मारून निवडले होते. त्यामुळं नियम A1 पासून लागू झाला. आणि शीट हे सूत्र नेहमी निवडलेल्या भागाच्या पहिल्या ओळीसाठी लिहिलंय असंच धरते. म्हणजे पहिल्या ओळीनं G2 बघितलं, दुसरीनं G3, पाचवीनं G6. सहाव्या ओळीतली चांदी थकीत, आणि रंग चढला पाचव्या ओळीतल्या गौरीवर. प्रत्येक रंग एक ओळ वर. मोबाईलवर G दिसत नव्हता, म्हणून लाल ओळीत "झालं" लिहिलंय हे मला दिसलंच नाही.

दुरुस्ती एवढीच: भाग A2 पासून सुरू करायचा. आता आम्ही असं करतो. लॅपटॉपवर A2 ते H200 निवडायचं. वर Format मध्ये Conditional formatting. उजवीकडं पाटी उघडते, तिथं "Apply to range" मध्ये A2:H200 आहे ना ते आधी वाचायचं. मग "Format cells if" खाली शेवटचा पर्याय "Custom formula is" घ्यायचा, वरचं सूत्र टाकायचं, फिकट लाल रंग निवडायचा आणि Done. एकदा केलं की मोबाईलवरही तसंच दिसतं. एक्सेल वापरत असाल तर New Rule मध्ये "Use a formula to determine which cells to format" घ्या, सूत्र तेच.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. सूत्रातला आकडा आणि भागाची पहिली ओळ एकच पाहिजे. भाग A2 पासून तर सूत्रात 2. तुमच्या शीटमध्ये वर दोन ओळी मथळ्याच्या असतील आणि नोंदी तिसरीपासून असतील, तर भाग A3 पासून आणि सूत्रात $G3.

आता त्या डॉलरचं. पैशाशी त्याचा काही संबंध नाही, तो खुंटा आहे. G च्या आधी डॉलर म्हणजे रकाना खुंट्याला बांधला. A ची चौकट असो की F ची, प्रत्येकीनं G मध्येच बघायचं. 2 च्या आधी डॉलर नाही, म्हणजे ओळ मोकळी सोडली. सहावी ओळ G6 बघेल, सातवी G7.

G चा खुंटा काढून नुसतं G2 लिहिलं तर A बघते G मध्ये, B बघते H मध्ये, C बघते I मध्ये, तिथं काहीच नाही. मग फक्त A रंगते, बाकी ओळ पांढरी. उलट 2 लाही खुंटा मारून $G$2 केलं तर सगळ्या ओळी एकट्या दुसऱ्या ओळीकडं बघतात. ती थकीत असेल तर सगळा गोठा लाल, नसेल तर कितीही कामं राहिली तरी सगळं पांढरं. तुमच्याकडं नुसती पहिली चौकट रंगत असेल किंवा सगळंच रंगत असेल तर आधी डॉलर बघा. रंग वर-खाली सरकला असेल तर आकडा बघा.

आणखी दोन ठिकाणी आम्ही ठेचकाळलो. पहिलं तारखेचं. शीटची भाषा अमेरिकेची असेल तर ती महिना आधी वाचते. आपण 05/06/2024 म्हणजे 5 जून टाकतो, ती धरते 6 मे. आणि 25/06/2024 टाकलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळं ती त्याला तारीखच मानत नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवते. अक्षरं शीटच्या लेखी कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी. म्हणून अशी मुदत कधीच टळत नाही, ओळ कायम "बाकी" आणि कायम पांढरी. ओळखायचं कसं? खरी तारीख चौकटीत उजव्या कडेला चिकटते, अक्षरं डाव्या. D रकान्यात डावीकडं चिकटलेलं काही दिसलं की समजा, ती तारीख नाही. उपाय: File मध्ये Settings, तिथं Locale ला India करा, आणि मग आधी टाकलेल्या तारखा एकदा नजरेखालून घाला.

दुसरं शुद्धलेखनाचं. आमच्या दूधगटातल्या एका मित्राच्या शीटमध्ये स्थिती हातानं लिहायची पद्धत होती. सूत्रात "थकीत", आणि वहिनी लिहायच्या "थकित". शाळेतले गुरुजी वेलांटीवर मार्क कापायचे, शीट अख्खी ओळ कापते. शेवटी एक मोकळी जागा पडली तरीही जुळत नाही. हातानंच लिहायचं असेल तर ड्रॉपडाऊन करा, म्हणजे शब्द निवडायचा, लिहायचा नाही. नाहीतर माझ्यासारखं सूत्रावर सोडा.

शेवटी, आता मी नियम केल्यावर आधी परीक्षा घेतो. मधल्या एका ओळीत काल्पनिक गाय लिहायची, मुदत कालची टाकायची. तीच ओळ पूर्ण रंगली पाहिजे, वरची-खालची नाही. मग झाल्याची तारीख टाकायची, रंग गेला पाहिजे. चांदीच्या वेळी ही एक मिनिटाची परीक्षा घेतली असती तर चूक तेव्हाच दिसली असती.

रंग काही फोन करून उठवत नाही, शीट उघडली तरच दिसतो. म्हणून सकाळची धार झाली की डब्याचं माप लिहायच्या निमित्तानं मी ती उघडतोच. चांदी 17 जूनच्या रेतनाला राहिली. 60 दिवस मोजून 16 ऑगस्ट ही मुदत टाकली, आणि त्याच दिवशी सकाळी डॉक्टर आले. ओळ लाल व्हायची वेळच आली नाही.

तुमच्या शीटमध्ये रंग एक ओळ सरकलाय का, ते आज संध्याकाळी बघा.