गालावरची एक पुटकुळी

ओव्या गाणाऱ्या एका मावशींची मुलाखत टेबलावर आहे. अडतीस सेकंदांचा सलग शॉट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण ९५०. खिडकीचा उजेड डावीकडून अगदी आडवा पडतोय. डाव्या गालावर, हसताना जिथे घडी पडते तिच्या जरा वर, किडा चावून आलेली लाल पुटकुळी आहे. चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत, हनुवटीवर तीळ आहे. निर्मात्याचा निरोप एवढाच: "चेहरा जरा साफ कर."

मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ते किड्याचं तेवढं घालव बाबा. बाकीचं माझं आहे."

काम इथेच ठरलं. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ सालचा. हे व्रण असलेला चेहरा आता पन्नाशीच्या आत सापडायचा नाही. ते पुसले तर मावशींचं वयही पुसलं जाईल.

*

चेहरा आपोआप ओळखून त्वचा गुळगुळीत करणारी आयती साधनं रिझॉल्व्हमध्ये आहेत. घाईच्या कामाला ती मीही वापरतो, पण इथे नाही. त्यांना गाल कळतो, कपाळ कळतं, डोळ्यांखालचा भाग कळतो. पुटकुळी कालची आणि व्रण लहानपणचा, हे कळत नाही. ती दोन्ही सारखीच घासून काढतात.

Midtone Detail उणे तीस-चाळीसवर नेण्याचा मोहही असाच. एका चाकात काम होतं आणि पहिल्या नजरेला चेहरा छान दिसतो. मग लक्षात येतं की छिद्रं आणि बारीक लवही त्याच्याबरोबर मऊ झाली, आणि कपाळाला मेणाची चकाकी आली.

*

डाग म्हणजे नक्की काय, हे आधी वेगळं करून पाहिलं. या पुटकुळीत तीन गोष्टी आहेत. एक, लाली, म्हणजे रंग. दोन, उंचवटा: एका बाजूला उजेडाचा ठिपका, दुसऱ्या बाजूला सावली. तीन, तिच्या अंगावरचीही छिद्रं, शेजारच्या त्वचेसारखीच. पहिल्या दोन नकोत, तिसरी हवीच. सरसकट ब्लर तिन्ही एकदम खातो. त्वचा प्लास्टिकची दिसते ती त्यामुळेच.

*

आधी रंग. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनेल एकेक करून काळ्या-पांढऱ्यात पाहावेत. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, त्यामुळे लाली हिरव्या चॅनेलमध्ये काळपट उठून दिसते आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीशी होते. मावशींच्या शॉटमध्ये लाल चॅनेलवर फक्त उंचवटा उरला. म्हणजे दिसत होतं त्यातलं बरंचसं निव्वळ रंगाचं होतं.

रंग दुरुस्त केला तर पोताला धक्काही लागत नाही. बहुतेक कॅमेरे रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा विरळच नोंदवतात, छिद्रं उजेडात असतात. मास्कच्या आत लालीची सॅच्युरेशन उतरवली आणि ह्यू जरासा पिवळ्याकडे सरकवला. व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या रंगाची रेषा लाल आणि पिवळ्याच्या मध्ये असते. पुटकुळीचा ढग त्या रेषेच्या लाल बाजूला लोंबत होता, तो रेषेवर आला तिथे थांबलो. एवढ्यानेच अर्धं काम झालं होतं.

एक जपायची गोष्ट. गोऱ्या कातडीवर करून दाखवलेले धडे आपल्याकडे तसेच लागू पडत नाहीत. सावळ्या, काळ्या त्वचेवर मुरुम पुष्कळदा लाल न दिसता गडद तपकिरी दिसतो, आणि बरा झाल्यावरही काळा डाग मागे ठेवतो. तिथे लाली शोधून उपयोग नसतो, उजेड जरा उचलावा लागतो. मावशी गव्हाळ आहेत, म्हणून दोन्ही थोडं थोडं.

*

आता उंचवटा. इथे चित्राचे दोन थर करायचे: ढोबळ छटांचा आणि बारीक पोताचा.

```
low  = blur(src, r)
high = src - low
out  = mix(low, blur(low, R), mask) + high
```

`low` मध्ये गालाचा गोलवा आणि सावल्या राहतात, `high` मध्ये छिद्रं, लव आणि कॅमेऱ्याचा ग्रेन. मास्कच्या आत फक्त `low` मऊ करायचा आणि `high` जसाच्या तसा परत वर चढवायचा.

सगळा खेळ `r` चा. हा ४के शॉट आहे. पुटकुळी सुमारे १४ पिक्सेल रुंद, छिद्रं दोन-तीन पिक्सेलची. `r` चार धरला. एक धरला असता तर छिद्रंही ढोबळ थरात उतरली असती आणि तिथेच पुसली गेली असती. दहा धरला असता तर उलट झालं असतं: पुटकुळीच वरच्या थरात बसली असती आणि खाली कितीही ब्लर केलं तरी हलली नसती. चारलाही तिची कड थोडी वर राहतेच. ती तशीच ठेवली. बोटाला लागेल न लागेल एवढी सपाट खूण उरते, आणि ती त्वचेचीच वाटते.

`R` पंचवीसच्या आसपास. त्याहून मोठा केला तर नाकाची सावली गालावर ओघळू लागते. (हे आकडे पिक्सेलचे. रिझॉल्व्हच्या ब्लर पॅलेटवरचे आकडे पिक्सेल नसतात, तिथे डोळ्यांनीच जुळवायचं.)

या पद्धतीचा मला सर्वांत आवडणारा गुण असा की ग्रेन वरच्या थरात सुरक्षित राहतो. नुसत्या ब्लरने झाकलेल्या जागी ग्रेन मरतो. एका फ्रेमवर ते कळत नाही, पण शॉट चालू केला की सगळ्या गालावर बारीक सळसळ असते आणि तेवढाच रुपयाएवढा तुकडा गप्प बसलेला. डोळा नेमका तिथे जातो.

*

मास्क. पहिल्यांदा चूक केली: पुटकुळीएवढाच वर्तुळाकार विंडो काढला आणि ट्रॅक केला. शंभरेक फ्रेममध्ये तो कानाकडे निघून गेला. एवढ्या लहान जागेत ट्रॅकरला धरायला काही नसतं.

दुसऱ्यांदा विंडो मोठा केला. गालाचा बराचसा भाग, त्यात तीन-चार व्रण. ज्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं, त्या व्रणांनीच ट्रॅकरला भक्कम खुणा दिल्या. सुरुवात पहिल्या फ्रेमपासून न करता जिथे चेहरा सरळ आणि शांत होता तिथून केली, आधी पुढे, मग मागे. Perspective 3D बंद ठेवलं, Pan, Tilt, Zoom, Rotate चालू. मऊ गालावर परस्पेक्टिव्ह चालू असला की बोलताना विंडो तिरपा ताणला जातो. ट्रॅक पूर्ण झाल्यावर Clip मोडमध्ये विंडो आकसून पुटकुळीवर आणला. हालचाल मोठ्या भागाची, मास्क छोट्या जागेचा. कडेचा मऊपणा पुटकुळीच्या रुंदीएवढा ठेवला.

*

तरी हसताना घसरलाच. ट्रॅकर गालाचा एकंदर भाग धरतो, पण हसू आलं की गालाची कातडी हाडावरून वर सरकते, आणि ओठांजवळची कानाजवळच्यापेक्षा जास्त सरकते. डोकं स्थिर, पुटकुळी मात्र सहा-सात पिक्सेल वर. मास्क मागे राहिला की चांगल्या त्वचेवर मऊ ठिगळ दिसतं आणि पुटकुळी त्याच्या कडेतून डोकावते.

हे हातानेच करावं लागतं. Frame मोड चालू करून हसू सुरू होतं ती फ्रेम, ऐन भरातली फ्रेम आणि ओसरतं ती फ्रेम, अशा तीन ठिकाणी विंडो जागेवर ठेवला. मधलं सॉफ्टवेअर भरतं. दर पाच फ्रेमला दुरुस्ती करण्याचा उत्साह आवरावा. जास्त कीफ्रेम पडले की मास्क थरथरतो, आणि ती थरथर डागापेक्षा वाईट दिसते.

मध्येच, ४१२ ते ४३७ या फ्रेममध्ये, मावशी पदर सावरतात आणि हात गालावरून जातो. ट्रॅकर हाताच्या मागे गेला. आलेखात रेषा एकदम उडी मारते, त्यावरून लगेच कळतं. त्या २६ फ्रेममधले ट्रॅकचे बिंदू पुसले, आधीचा आणि नंतरचा भाग जोडून घेतला. हात पुटकुळीवर आहे तेवढ्या वेळापुरता Key Output चा Gain शून्यावर उतरवला, नाहीतर बोटांची पेरं मऊ झाली असती.

*

आज सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिलं. काल रात्री पुटकुळी पूर्ण घालवली होती. आज ती जागा गालावरची सगळ्यांत तरुण जागा वाटली. भोवती साठ-पासष्ट वर्षांची कातडी, मध्ये नखाएवढी नवी. Gain ०.६५ वर आणला. पाहणाऱ्याचं लक्ष तिकडे जात नाही आणि जागा रिकामीही वाटत नाही.

तपासण्याची माझी पद्धत: एकदा दुप्पट मोठं करून, फक्त मास्क घसरतो का ते बघायला. एकदा सगळ्या चित्राची सॅच्युरेशन मुद्दाम भडक करून, म्हणजे उरलेली लाली किंवा जास्त धुतलेला फिका डाग उघडा पडतो. मग सगळं पूर्ववत करून, आवाज चालू ठेवून, नुसतं ऐकत बघायचं. ओवी ऐकताना नजर गालावर अडली तर काहीतरी चुकलेलं असतं. थांबवलेल्या फ्रेमवर निकाल कधीच द्यायचा नाही.

शेवटी फोनवर. ही क्लिप बहुतेक लोक फोनवरच बघणार, आणि तिथे पोचेपर्यंत कॉम्प्रेशन स्वतःच बारीक पोत खाऊन टाकतं. मोठ्या मॉनिटरवर जेमतेम मऊ वाटलेला चेहरा फोनवर मेणाचा होतो. म्हणून मॉनिटरवर थोडं कमीच केलेलं बरं.

*

निर्मात्याला आधीचं आणि नंतरचं शेजारी लावून दाखवलं. त्यांनी विचारलं, "व्रण राहिलेत की." मी मावशींचं वाक्य सांगितलं. त्यांनी मान डोलावली, विषय संपला.

मावशींनी क्लिप मुलाच्या फोनवर दोनदा पाहिली. किड्याचं कुठे होतं ते गालावर बोट ठेवून दाखवलं. तोवर ते खरोखरच बरं झालं होतं.