नऊ सेकंदांचा रस्ता

आमचा नातू शिकाऊ परवान्याच्या परीक्षेची तयारी करीत असताना प्रश्न वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यांतील एक प्रश्न असा : पादचारी मार्गाजवळ लोक रस्ता ओलांडण्यासाठी थांबले आहेत, आपण काय कराल? हॉर्न वाजवून पुढे जाल, वेग कमी करून हॉर्न वाजवीत जाल, की गाडी थांबवून लोक पलीकडे गेल्यावर निघाल? उत्तर तिसरे. नातवाने विचारले, "आजोबा, दुसऱ्यात काय वावगे आहे? वेग कमी केलाच ना!"

शंका रास्त होती. तिचे उत्तर हिशेबात आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याचे उदाहरण घ्या. दुपदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद असतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना तो ओलांडण्यास सुमारे नऊ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात सव्वाशे मीटर अंतर कापते. वळण त्याहून जवळ असेल, तर आजींनी दोन्हीकडे नीट पाहून पाऊल टाकले तरी, त्या वेळी दृष्टीआड असलेली गाडी त्या मध्यावर असतानाच येऊन ठाकते. सावध राहूनही त्यांना हा धोका टाळता येत नाही. तो चालकालाच टाळता येतो.

अशा वेळी हॉर्न वाजला की वृद्ध माणूस दचकतो, घाईने वळतो आणि कित्येकदा गाडीचा स्पर्शही न होता पडतो. ठिसूळ झालेल्या हाडांना खुब्याचा अस्थिभंग होण्यास तेवढेही पुरते. म्हणून दुसरा पर्याय चूक ठरतो.

वाहन जितके मोठे, तितकी ही जबाबदारी वाढते. महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा भरलेला टँकर मोटारीपेक्षा अधिक अंतर घेऊन थांबतो. त्याच्या अगदी पुढ्यात उभे असलेले ठेंगणे माणूस उंच केबिनमधून दिसेलच असे नाही. शिवाय धडक झाली, तर इजा बहुधा पायी चालणाऱ्यालाच होते. परीक्षेतील आणखी एक प्रश्न हेच तत्त्व तपासतो : दृष्टिहीन व्यक्ती पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल, तर ती काठी म्हणजे थांबण्याची खूण मानावी.

मात्र परीक्षेत एकच गाडी असते, रस्त्यावर मागून दुसरीही येते. थांबलेल्या ट्रकला वळसा घालून एखादी दुचाकी पुढे येते आणि ट्रकच्या आडोशामुळे ती दिसत नाही. म्हणून एक वाहन थांबले तरी त्याच्या कडेशी थबकून पलीकडे डोकावून पाहावे.

आपल्या घरच्या ज्येष्ठांसाठी जागा निवडताना एक साधी कसोटी लावा. रस्त्याकडेला उभे राहून, वळणावर गाडी दिसल्यापासून ती आपल्यासमोर येईपर्यंतचे सेकंद दोन्ही बाजूंनी मोजा. ज्येष्ठांना रस्ता ओलांडण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा ते कमी भरले, तर थोडे लांब चालावे लागले तरी दुसरी जागा शोधा.