नारिंगी कानशिलं

दुर्गाघाट, रविवार.

आज आईचे केस घरीच रंगवले. रात्री भिजवलेली मेंदी तीन तास ठेवून धुतली, तेव्हा तिचे सगळे पांढरे केस झेंडूसारखे झाले. ते तसे व्हायलाच हवे होते. काळेपणा येतो तो त्यानंतर लावलेल्या निळीने, म्हणजे निळीच्या पानांच्या पुडीने. पण नीळ मेंदीसारखी वाट बघत बसत नाही. पाण्यात कालवली की पंधरा-वीस मिनिटांत केसांना लावायला घ्यायची; उशीर झाला तर तिचा रंग वाडग्यातच फुकट जातो.

आईने ती आधीच कालवून ठेवली आणि गच्चीवरून शेजारच्या काकूंशी गप्पा मारत बसली. खाली आली तेव्हा वरचा थर काळपट निळा पडला होता. "अगं, टाकायची कशाला? लाव तशीच!"

लावली. तासाभराने धुतल्यावर मागचे केस काळेभोर दिसले, पण ते मुळात काळेच होते. भांग आणि कानशिलं मात्र नारिंगीच राहिली. कपाळाला तेल लावू दिलं नव्हतं, म्हणून तिथे निळसर पट्टा उमटला. आरशात बघून आई म्हणाली, "घाटावर कुणी साधू समजून दक्षिणा दिली, तर अर्धी तुझी हो."

निळीचा रंग हवेत दोनेक दिवस गडद होत जातो, म्हणून मंगळवारपर्यंत शाम्पू बंद. फरक पडला नाही तर फक्त ताजी नीळ पुन्हा लावू. वाडगं माझ्या ताब्यात राहील, आणि काकूंनाही तसं कळवलंय.