चार आर्यसत्ये : रडगाणे नव्हे, रोगनिदान

वर्षावासात विहारात चार आर्यसत्ये सांगितली की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो: "जगणेच दुःख असेल तर लढायचे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीही हाच मुद्दा काढला आहे. जन्म, जीवन, मरण सगळेच दुःख असेल, तर हा धम्म निराशेचा ठरतो, असे त्यांनी स्पष्ट म्हटले.

आमच्या मते उत्तर सत्यांच्या क्रमात आहे. रोग, रोगाचे कारण, रोगमुक्ती आणि औषध, हा वैद्याचा क्रम आहे. बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग'मध्ये हीच उपमा दिली आहे. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात प्रत्येक सत्यासोबत एक कामही नेमून दिले आहे: दुःख ओळखायचे, कारण सोडायचे, निरोध अनुभवायचा, मार्ग आचरायचा. रोग सांगणारा वैद्य निराशावादी नसतो.

खरा घोळ निदानात होतो. "मागच्या जन्मीचे कर्म" हे आपल्याला शतकानुशतके ऐकवलेले निदान. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नेमके हेच विचारतो. बुद्ध त्याला पित्त, कफ, वात, ऋतुबदल, मारहाण अशी वेगवेगळी कारणे मोजून दाखवतात आणि सर्व वेदना पूर्वकर्मानेच होतात हे म्हणणे चूक ठरवतात. निदान चुकले की औषधही चुकते. मग माणूस अन्यायाशी लढायचे सोडून नवस करतो.

महाडचे चवदार तळे घ्या. अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते, हे दुःख. तळ्यात पाण्याचा तुटवडा नव्हता. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून तळे खुलेही केले होते, तरी ओंजळ भरता येत नव्हती. कारण दीघनिकायातील महानिदान सुत्तात सापडते. तृष्णेतून लाभ, लाभातून आसक्ती, आसक्तीतून मालकी, मालकीतून कृपणता, कृपणतेतून राखण आणि राखणीतून काठ्या-शस्त्रे. म्हणजे तृष्णा मनात जन्मते, पण तळ्याच्या काठावर पहारा बसवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाणी प्यायले आणि हे दुःख संपू शकते हे दाखवले. परतणाऱ्यांवर त्याच दिवशी लाठ्या पडल्या, ऑगस्टमध्ये ठराव मागे घेतला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आला. औषध एका घोटात संपत नाही, म्हणून चौथे सत्य हा मार्ग आहे.

हेच निदान घरातही लावावे लागते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात सोयरीक जुळवताना पोटजात विचारली जाते, तेव्हा तीच आसक्ती आणि तीच राखण बोलत असते. फक्त तळ्याच्या जागी मुलगी असते. बाहेरच्या रोगावर बोट ठेवणाऱ्यांनी आपलीही नाडी तपासावी.

जय भीम, नमो बुद्धाय.