कात्री आधी कुठे लागते?

आरोग्य विम्याचे दावे तपासण्याच्या कामात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "पॉलिसी 3 लाखांची, बिल 3 लाख 90 हजारांचं, मग पूर्ण 3 लाख का नाही मिळाले?" याचं उत्तर वजाबाकीच्या क्रमात दडलेलं असतं.

गिरगावात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाचं उदाहरण घेऊ. परळच्या एका खासगी रुग्णालयात त्यांच्या एका गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. आकडे हिशेबासाठी गोल केलेले आहेत. पॉलिसी 'आरोग्य संजीवनी', विमा रक्कम 3 लाख, प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला. ही पॉलिसी एकसारख्या अटींवर देणं सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना 1 एप्रिल 2020 पासून बंधनकारक झालं, म्हणून ती उदाहरणाला सोयीची. तिच्यात नर्सिंगसह खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या 2 टक्के, पण 5 हजारांपेक्षा जास्त नाही. को-पे 5 टक्के.

बिलात चार दिवसांचं खोलीभाडं रोज 7,500 प्रमाणे 30 हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि व्हिजिट मिळून दीड लाख. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या 1 लाख 95 हजार. उरलेले 15 हजार हातमोजे, डायपर, नी-ब्रेस, वॉकर आणि फोटोकॉपी यांचे.

सर्वांत आधी हे 15 हजार बाजूला काढायचे. ही नॉन-पेएबल यादी विमा नियामकाने ठरवून दिली आहे. आधी का, तर पुढची कपात प्रमाणात होते. समजा सर्जन-थिएटरच्या दीड लाखात 6 हजारांचे हातमोजे मिसळले असते. आधी प्रमाण लावून मग पूर्ण 6 हजार कापले, तर त्या हातमोज्यांवर दोनदा कात्री चालते आणि रुग्णाचे 2 हजार विनाकारण जातात. कंपनीचा तपशीलवार हिशेब हाती आला की मी ही जागा पहिल्यांदा बघते.

आता खोलीची मर्यादा. 30 हजारांपैकी 20 हजार मान्य, 10 हजार गेले. घरच्यांना वाटतं, नुकसान इथेच संपलं. पण 7,500 ला 5,000 म्हणजे दोन तृतीयांश, आणि हेच प्रमाण सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट यांनाही लागतं. दीड लाखाचे 1 लाख झाले. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना मात्र हे प्रमाण लावता येत नाही. रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार वेगळे दर लावत नसेल, तर सर्जन-थिएटरलाही लावता येत नाही. म्हणून दाखल होण्याआधीच रुग्णालयाचं वर्गवार दरपत्रक मागून ठेवा. सर्जन-थिएटरचे दर सगळ्या वर्गांना एकच असतील, तर ती पन्नास हजारांची कपात रोखणारा कागद तोच, मात्र प्रत्यक्ष फायदा विमा रकमेच्या मर्यादेपर्यंतच.

आमच्या उदाहरणात दर वेगळे होते. 20 हजार, 1 लाख आणि 1 लाख 95 हजार मिळून 3 लाख 15 हजार ग्राह्य ठरले. को-पे या ग्राह्य रकमेवर लागतो, मूळ बिलावर नाही. त्याचे 5 टक्के म्हणजे 15,750. उरले 2,99,250. त्यानंतर विमा रकमेची मर्यादा पाहायची. आकडा 3 लाखांच्या आत आहे, म्हणून तो पूर्ण मिळाला. खिशातून गेले 90,750.

हीच शेवटची दोन पावलं उलटी टाकली तर? आधी 3 लाखांची मर्यादा लावली, मग त्यातून 5 टक्के को-पे कापला, तर हाती 2 लाख 85 हजार येतात. फरक 14,250 चा. दावा विमा रकमेच्या बराच आत असेल तर या क्रमाने काहीच बिघडत नाही. ग्राह्य रक्कम मर्यादेच्या वर गेली तरच तो बोचतो. काही पॉलिसींमध्ये को-पे आधी आणि विमा रक्कम नंतर, असा क्रम स्पष्ट छापलेला असतो. तो छापलेला नसेल आणि कंपनीने उलटा क्रम लावला असेल, तर कुठल्या कलमाने, हे लेखी विचारा. कराराचा मजकूर संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावा, हे तत्त्व आपली न्यायालयं विम्यात मानतात. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे आणि तिथे शुल्क लागत नाही.

आता शिक्षकांनी 5 हजारांची खोली घेतली असती असं समजा, आणि त्या वर्गात सर्जन-थिएटरचे दरही त्याच प्रमाणात कमी, म्हणजे 1 लाख. बिल 3 लाख 30 हजार झालं असतं. कंपनीने तेच 2,99,250 दिले असते आणि खिशातून 30,750 गेले असते. खोलीच्या भाड्यातला फरक चार दिवसांचा मिळून फक्त 10 हजार होता. प्रत्यक्षात ती मोठी खोली 60 हजारांना पडली.