खोलीचं भाडं

बाबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि नेरूळच्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर कळलं, की 1,54,000 रुपयांच्या बिलातले विमा कंपनी फक्त 90,000 देणार आहे. पॉलिसी तीन लाखांची होती. उरलेले 64,000 भरल्याशिवाय बाबांना घरी नेता येत नव्हतं. ताईने भाचीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथल्या तिथे पाठवले. फी भरायला दीड महिना होता.

कंपनीच्या मंजुरीपत्रात कपातीचं कारण एका ओळीत होतं: रूम रेंट, प्रपोर्शनेट डिडक्शन. अर्थ मला काउंटरवरच्या मुलाने सांगितला. पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला 3,000 पर्यंतच होतं, आणि आम्ही 5,000 ची खोली घेतली होती. ती मीच निवडली होती. बाबांना घोरणाऱ्या शेजाऱ्याचा त्रास नको म्हणून. मला वाटलं होतं, जास्तीत जास्त काय, चार दिवसांचे आठ हजार आपले जातील. पण महागडी खोली घेतली की डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेही त्या खोलीच्या दराने वाढतात. म्हणून कंपनी भाड्याच्याच प्रमाणात तेही कापते. पाच हजारांतले तीन, म्हणजे साठ टक्के.

आठवडाभर मी स्वतःला शिव्या घालत होतो. मग एका रात्री सविस्तर बिल घेऊन बसलो. खोलीभाडं 20,000. सर्जन, भूल, थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून 80,000. औषधं आणि इंजेक्शनं 30,000. रक्ततपासण्या, सोनोग्राफी वगैरे 20,000. हातमोजे, फाइल अशा न मिळणाऱ्या वस्तू 4,000. हे चार हजार वगळून उरलेल्या दीड लाखाचे साठ टक्के काढले तर बरोब्बर 90,000 येतात. म्हणजे कंपनीने सगळ्यावर सरसकट कात्री चालवली होती.

इथेच गोम होती. औषधाची बाटली जनरल वॉर्डात आणि स्पेशल रूममध्ये त्याच किमतीची असते. विमा नियामक आयआरडीएआयने जून 2020 मध्ये हेच स्पष्ट केलं होतं: औषधं आणि उपभोग्य साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात करायची नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. आमच्या पॉलिसीच्या पीडीएफमध्ये ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ या व्याख्येखाली हे शब्दशः छापलेलं होतं. एवढी जाडजूड पीडीएफ मी तोवर उघडलीच नव्हती, हे कबूल करतो.

म्हणजे औषधं आणि तपासण्या मिळून 50,000 पूर्ण मिळायला हवे होते, मिळाले होते 30,000. वीस हजार आमचे होते. उरलेले 44,000 कंपनीने नियमानेच कापले होते. तिथेही एक फट असते: हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलत नसेल, तर प्रमाणशीर कपात करताच येत नाही. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन दरपत्रक मागितलं. सर्जनची फी प्रत्येक खोलीला वेगळी होती. तो मुद्दा सोडून दिला.

टीपीएच्या हेल्पलाइनवर तीन वेळा बोललो, तीनही वेळा ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढंच ऐकलं. मग विमा कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला मेल लिहिला. रागाचं एक वाक्य लिहून खोडलं. मागितलं एवढंच: बिलाच्या प्रत्येक ओळीसमोर मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, आणि फरकासाठी लावलेलं कलम. अंशतः नाकारलेल्या दाव्यातही पॉलिसीची नेमकी अट दाखवणं कंपनीला 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे बंधनकारक आहे, तेही नमूद केलं. खाली माझा हिशोब जोडला आणि 20,000 ची बाकी मागितली. शेवटी लिहिलं, की महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नवी मुंबईसाठी हे कार्यालय आता ठाण्यात आहे. पूर्वी आपल्याला पुण्याचं लागायचं.

बाराव्या दिवशी तक्ता आला. औषधांच्या रकान्यात चाळीस टक्के कपात, आणि कलमाची जागा रिकामी. तेवढ्या एका रकान्याचा स्क्रीनशॉट काढून उत्तर पाठवलं. आणखी आठवड्याने खात्यात 20,000 जमा झाले. माफी वगैरे काही नाही, नुसता बँकेचा मेसेज. मी ते तसेच ताईला वळते केले. फीचे उरलेले 44,000 आम्ही दोघांनी मिळून भरले.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पुढच्या वेळी घोरणारा चालेल. त्या खोलीत टीव्हीचा रिमोटपण नव्हता.”